‘कोण म्हणालं?’ फेरी: आधी कार्ड, मग प्रश्न

प्रश्न: गणेशोत्सवात आमच्या सोसायटीची प्रश्नमंजुषा असते. सहा टीम, शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे. यंदा ‘हे कोण म्हणालं?’ अशी एक फेरी माझ्याकडे आली आहे. इंटरनेटवरून आणि व्हॉट्सअॅपवरून चाळीसेक प्रसिद्ध वाक्यं जमवली आहेत. पण गेल्या वर्षी एका उत्तरावरून वाद होऊन कार्यक्रम पंधरा मिनिटं थांबला होता. वाक्य खरंच त्या व्यक्तीचं आहे हे कसं तपासायचं? आणि क्लू असे कसे द्यायचे की सगळ्यांना सारखी संधी मिळेल?

उत्तर: चाळीसांतली बारा-चौदा टिकली तरी पुष्कळ झाली असं समजून सुरुवात करा. फेरीला आठ लागतात, दोन राखीव. बाकीची गळणारच आहेत आणि ती घरी गळलेली बरी, स्टेजवर नकोत.

मी वीसेक वर्षं क्विझ घेतो आहे. माझी सगळ्यात मोठी फजिती याच फेरीत झाली. एका बँकेच्या शाखेत भिंतीवर महात्मा गांधींच्या फोटोखाली तो प्रसिद्ध मजकूर होता: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. मी तो उतरवून घेतला आणि प्रश्न केला. उत्तर ‘गांधीजी’ आलं, मी गुण दिले. मग प्रेक्षकांतले एक निवृत्त शिक्षक उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “कुठे म्हणालेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधलं तर हा मजकूर बऱ्याच ठिकाणी ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’ अशा तपशिलासह फिरताना दिसला. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ मध्ये. म्हणजे वाक्याबरोबर चिकटवलेला तपशीलच वाक्याला खोटं पाडत होता. या मजकुराशी मिळतीजुळती वाक्यं १९४१ साली अमेरिकेत स्टुडबेकर या मोटार कंपनीतले विक्रीप्रमुख केनेथ एलियट यांच्या नावाने छापलेली सापडतात.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. आधी प्रत्येक वाक्याचं एक कार्ड करतो आणि प्रश्न नंतर लिहितो. कार्डावर चार गोष्टी असतात: मूळ शब्द मूळ भाषेत, कधी आणि कुठे, हे आपल्यापर्यंत कोणी पोचवलं, आणि मी ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर डोळ्यांनी पाहिलं. शेवटचा रकाना रिकामा राहिला की वाक्य बाद. ‘खूप ठिकाणी आहे’ हा पुरावा धरायचा नाही, कारण शंभर संकेतस्थळं एकाच ठिकाणाहून उतरवलेली असतात.

या चारांतला तिसरा रकाना, म्हणजे ‘कोणी पोचवलं’, तोच प्रश्नाचे शब्द ठरवतो. लोक चुकतात ते इथे. सगळ्या वाक्यांना एकच ‘कोण म्हणालं?’ लावतात, पण सगळी वाक्यं एकाच वाटेने आलेली नसतात.

काही वाक्यं माणसाने स्वतः लिहून ठेवलेली असतात. जोतीराव फुल्यांचं ‘विद्येविना मति गेली, मतिविना नीति गेली’ हे ‘शेतकऱ्याचा असूड’च्या सुरुवातीलाच आहे, आणि ते लेखन १८८३ चं आहे. इथे काही भानगड नाही, सरळ विचारा. फक्त क्रियापद ‘लिहिलं’ असू द्या.

काही वाक्यं दुसऱ्याने ऐकून नोंदवलेली असतात. राणी लक्ष्मीबाईंचं ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ घ्या. १८५४ मध्ये त्यांना भेटायला गेलेल्या जॉन लँग या ऑस्ट्रेलियन वकिलाने ते पुढे आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं, तेही त्याच्या कानाला ऐकू आलं तसं, मोडक्यातोडक्या हिंदीत. हा पुरावा चांगला आहे, पण तो लँगचा आहे. म्हणून प्रश्न असा करायचा: ‘एका परदेशी वकिलाने भेटीनंतर नोंदवलेले हे शब्द कोणाचे?’ बघा, खरं बोलल्याबरोबर प्रश्नाला एक आयता क्लूही मिळाला. हे नेहमी होतं.

तिसरा प्रकार बखरी आणि पोवाड्यांतून आलेल्या वाक्यांचा. हा आपल्याकडे सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात भांडणाचा, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

तुमच्या यादीत ‘गड आला पण सिंह गेला’ नक्की असणार. सगळ्यांना पाठ आहे, शिवाजी महाराज तानाजी मालुसऱ्यांबद्दल म्हणाले, फेब्रुवारी १६७०. आता कार्ड भरायला बसा. महाराजांच्या निकटच्या काळातलं आपल्याकडचं चरित्र म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. तानाजी पडल्यानंतर साधारण पाव शतकाने, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. तिच्यात या प्रसंगी महाराजांच्या तोंडी वाक्य आहे: ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला.’ सिंह नाही. सिंहाचं वाक्य घराघरांत रुजलं त्यात ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचा वाटा मोठा, कारण तेच तिचं नाव आहे. आणि ‘या वाक्यावरून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं’ असं जे आपण क्लू म्हणून हमखास देतो, तेही उभं राहत नाही. १६६३ च्या पत्रव्यवहारातच ‘सिंहगड’ हे नाव येतं, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी.

आता काय करायचं? वाक्य फेकून द्यायचं नाही, प्रश्न बदलायचा. मी असा विचारतो: ‘सभासदाच्या बखरीप्रमाणे, “एक गड घेतला, परंतु एक गड गेला” असं कोण म्हणालं आणि कोणाबद्दल?’ हा प्रश्न मूळच्यापेक्षा कितीतरी चांगला चालतो. ‘गड आला पण’ एवढं उच्चारलं की सहाच्या सहा टीम हात वर करतात, त्याला प्रश्न म्हणण्यात अर्थ नाही. जुनं रूप ऐकल्यावर मात्र एक क्षण शांतता पसरते. दुसरा ‘गड’ म्हणजे माणूस, हे कोणाच्या तरी लक्षात येतं आणि मग टेबलावर कुजबुज सुरू होते. फेरीत हवी असते ती हीच कुजबुज.

‘सभासदाच्या बखरीप्रमाणे’ हे शब्द गाळू नका. त्यांच्यामुळे तुम्ही ‘महाराज हेच शब्द बोलले’ असा दावा करत नाही. ‘बखरीत असं लिहिलं आहे’ एवढाच दावा करता, आणि तो पान उघडून दाखवता येतो. प्रेक्षकांतला एखादा इतिहासाचा अभ्यासक उठला तरी तो तुमच्या बाजूनेच बोलेल.

चौथा प्रकार: वाक्य एकाच्या नावावर फिरतं, लिहिलेलं दुसऱ्याने. ‘तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन’ हे व्होल्तेअरचं म्हणून सांगतात. प्रत्यक्षात इव्हलिन हॉल या इंग्रज लेखिकेने टोपणनावाने १९०६ मध्ये व्होल्तेअर आणि त्याच्या मित्रमंडळींवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याची वृत्ती सांगताना हे वाक्य तिने रचलं. अशी वाक्यं सोसायटीच्या कार्यक्रमात नकोत. ‘व्होल्तेअर’ म्हणणाऱ्या वाचत्या माणसाला शून्य द्यावं लागतं, आणि न वाचणाऱ्यालाही शून्यच.

आणि काही वाक्यं सरळ सोडून द्यायची. ‘वाघिणीचं दूध’ हे त्यातलं पहिलं. इंग्रजी भाषेला वाघिणीचं दूध म्हटलं ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी, असं पाठ केलेली एक पिढी तुमच्या सोसायटीत आहे. शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे असं बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, असं लहानपणापासून पोस्टरवर वाचलेली मंडळीही आहेत. कुठलंही उत्तर धरलं तरी अर्धा मांडव दुखावणार. जिवंत राजकारण्यांची वाक्यंही मी घेत नाही, कारण उघड आहे.

तपासायचं कसं, तर वाक्यातले तीन-चार न टळणारे शब्द अवतरणचिन्हांत घालून `archive.org` वर किंवा गूगल बुक्सवर शोधा आणि सगळ्यात जुनी नोंद कोणत्या सालची आहे ते बघा. बोलणाऱ्याच्या मृत्यूनंतर तीस-चाळीस वर्षांनी वाक्य पहिल्यांदा दिसत असेल तर संशय घ्या. गांधीजींसाठी त्यांचं समग्र वाङ्मय शंभर खंडांत आहे आणि गांधी हेरिटेज पोर्टलवर ते वाचता येतं. बाबासाहेबांसाठी महाराष्ट्र शासनाने काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड आहेत, मोठ्या ग्रंथालयांत ते असतात. विकिकोट उपयोगी आहे, पण तिथलं वाक्य कोणत्या मथळ्याखाली आहे ते बघा. ‘Disputed’ किंवा ‘Misattributed’ खाली असलेलं वाक्य लोक वरचा मथळा न वाचता उचलतात.

मराठी शोधात एक खाचखळगा आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार असतात. तुम्ही ‘केले’ शोधता आणि छापलेलं असतं ‘केलें’. ‘मती’ शोधता, तिथे ‘मति’ असते. शिवाय जुन्या पानांवरून संगणकाने वाचलेला मजकूर अर्धा चुकलेला असतो. म्हणून मराठीत लांब वाक्य शोधू नका. अनुस्वार आणि इकार-उकाराचा घोळ नसलेला एखादा ठसठशीत शब्द आणि त्याच्या जोडीला व्यक्तीचं किंवा गावाचं नाव, एवढंच टाका. नाहीच मिळालं तर ग्रंथालयात जाऊन सूची चाळणं हाच उपाय. एका वाक्याला एक दुपार जाते कधीकधी.

आता क्लू. मी तीन पायऱ्या ठेवतो. फक्त वाक्यावर १५ गुण, पहिल्या क्लूनंतर १०, दुसऱ्यानंतर ५. पहिला क्लू विचार करणाऱ्याला मदत करणारा, दुसरा असा की शाळकरी मुलांच्या टीमलाही उत्तर यावं. क्लू चांगला की वाईट हे ठरवायला एकच कसोटी लावतो: हा क्लू खरा धरला तर दुसऱ्या कोणाचं नाव बसतं का?

उदाहरण घ्या. वाक्य असं: ‘ज्यूरीने काहीही निर्णय दिला तरी मी निर्दोष आहे, एवढंच मला सांगायचं आहे. माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत.’ हे टिळकांचं, जुलै १९०८, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावरांसमोर. मूळ शब्द इंग्रजी, म्हणून कार्डावर इंग्रजी आणि प्रश्नात ‘मूळ इंग्रजीचा मराठी अनुवाद’ असं स्पष्ट. हे न सांगितलं तर कोणीतरी ‘टिळक असं मराठी बोलत नसत’ असा तर्क लढवून चुकेल, आणि ती चूक तुमची असेल.

माझा पहिला कच्चा क्लू होता: ‘या व्यक्तीला राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली.’ चांगला वाटतो ना? पण १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींनाही राजद्रोहासाठी सहा वर्षांचीच शिक्षा झाली, आणि तिथल्या न्यायाधीशांनी शिक्षा सुनावताना टिळकांच्या खटल्याचा दाखलाही दिला होता. म्हणजे क्लू दोघांनाही तंतोतंत बसतो. वाक्य नीट ऐकणारा गांधीजींना वगळू शकतो, कारण त्यांनी गुन्हा कबूल केला होता, ‘निर्दोष आहे’ असं ते म्हणालेच नसते. पण हे ठाऊक असणाऱ्याला क्लूची गरजच नसते. ज्याला गरज आहे त्याला हा क्लू बरोबर चुकीच्या दारात नेऊन सोडतो.

बदलून पहिला क्लू असा केला: ‘जिथे हा खटला चालला त्याच इमारतीत हे शब्द फलकावर कोरले आहेत. त्या फलकाचं अनावरण १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी केलं.’ छागला म्हटल्यावर मुंबई उच्च न्यायालय आलं, आणि मुंबईत ज्यूरीसमोर चाललेला गाजलेला राजद्रोहाचा खटला म्हटला की वाट सरळ आहे. दुसरा क्लू: ‘शिक्षेच्या काळात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर ग्रंथ लिहिला.’ आता चौथीतला मुलगाही सांगेल. या क्लूंमध्ये जन्मगाव, जन्मसाल, उपाधी असलं काही नाही, हे लक्षात आलं असेल. ‘रत्नागिरीत जन्म’ हा क्लू पाठांतर तपासतो, वाक्याशी त्याचा काही संबंध नसतो. क्लू वाक्याच्याच प्रसंगातून काढला की चुकलेल्या टीमलाही घरी जाताना एक गोष्ट मिळते.

सिंहगडाच्या प्रश्नालाही हेच केलं. पहिला क्लू: ‘हा गड पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक होता.’ दुसरा: ‘तेव्हा गडावर उदेभान किल्लेदार होता.’ तिथे उत्तराचे दोन भाग आहेत, तेव्हा अर्ध्या उत्तराला किती गुण हे आधीच ठरवून कार्डाच्या मागे लिहा. स्टेजवर ठरवलेले अर्धे गुण हे भांडणाचं निमंत्रण असतं.

सहा टीम आहेत म्हणता, तर ही फेरी पाळीपाळीने आणि ‘पास’ वर घेऊ नका. पहिल्या टीमला कोरं वाक्य, ती चुकली की दुसरीला क्लू लावून तेच वाक्य, असं केलं की पुढे बसलेल्यांचा तोटा आणि मागच्यांचा फायदा होतो. बझरही नको, आजोबांचा हात नातवंडांपेक्षा उशिरा पडतो. चिठ्ठ्या वापरा. वाक्य दोनदा सावकाश वाचा, चाळीस सेकंद द्या, ज्यांना लिहायचं त्यांनी चिठ्ठी स्वयंसेवकाकडे द्यायची. दिलेली चिठ्ठी परत मिळत नाही. मग पहिला क्लू, तीस सेकंद, चिठ्ठी. मग दुसरा. प्रत्येक टीमला प्रत्येक वाक्यावर एकच चिठ्ठी. सगळ्यांना एकाच क्षणी तेवढीच माहिती मिळते आणि कुठे थांबून जुगार खेळायचा हे त्यांचं ते ठरवतात. आठ वाक्यांना पंचवीस मिनिटं धरा.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फेरी दोघांवर चालवून बघा. एक साठीचा, एक कॉलेजातला, दोघंही स्पर्धेत नसलेले. बरोबर उत्तरांकडे दुर्लक्ष करा, चुकलेली लिहून घ्या. दोघांनी एकच चुकीचं नाव दिलं तर ते चुकीचं आहे का हे पुन्हा तपासा. माझ्या एका चाचणीत ‘चले जाव’ला दोघांनीही गांधीजी म्हटलं. मला युसुफ मेहेरअली हवे होते, कारण घोषणेची शब्दरचना त्यांची असं सांगितलं जातं. पण आंदोलन गांधीजींचं, भाषण गांधीजींचं, मग माझा ‘ही घोषणा कोणाची?’ हा प्रश्नच ढिला होता. मी तो काढला आणि ‘८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर “करेंगे या मरेंगे” हा मंत्र कोणी दिला?’ एवढं ठेवलं. तो सोपा आहे, म्हणून फेरीत पहिला.

वाद तरीही होईल. सुरुवातीलाच जाहीर करा की आक्षेप फेरी संपल्यावर, कॅप्टननेच, एका मिनिटात घ्यायचा. कार्डं आणि पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो हाताशी ठेवा. आक्षेप घेणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा जुना, छापील आधार असेल तर दोघांनाही गुण द्या आणि पुढे चला. ‘मी लहानपणापासून ऐकलंय’ असं म्हणणाऱ्याला कार्ड वाचायला द्या. बहुतेक जण ते दोनदा वाचतात आणि मग विचारतात, “हे पुस्तक कुठे मिळेल?”